एका व्हॉल्व्हची तीन नावं

चिखलीत आमच्या शेजारणींचा बरेच दिवस समज होता की आम्ही बहीणभाऊ वाटणीवरून भांडतो. आवाजच तेवढे चढायचे. खरं भांडण असायचं ‘झडप’ म्हणायचं की ‘व्हॉल्व्ह’ यावरून. एकदा पलीकडची काकू मध्यस्थी करायला आली, वाद ऐकून घेतला आणि चहा न पिताच उठून गेली. तेव्हापासून आमच्याबद्दल गल्लीत काय बोललं जात असेल ते मी विचारलेलं नाही.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. पुण्यात एका यंत्रांच्या कारखान्यात त्याने आयुष्य काढलं, कंपनीने जर्मनीला शिकायला पाठवलं तेव्हा तिथली भाषा अशी उचलली की परत आल्यावर साहेब लोक त्याला शेजारी बसवूनच जर्मन पाहुण्यांशी बोलायचे. त्याच्या वऱ्हाडी मराठीला हसणारे पुण्यात पुष्कळ होते, पण तो जर्मन बोलायला लागला की गप्प व्हायचे. त्याच्यामुळे मी जर्मन शिकले, पुण्यातच काही वर्षं शिकवलं, लग्न केलं, मोडलं आणि घरी परत आले. वहिनी गेल्यावर तोही आला. वरच्या खोलीत दोन टेबलं टाकली, इन्व्हर्टर बसवला, आणि जर्मन यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत आणायचं काम सुरू केलं. पुण्याची एक एजन्सी काम पाठवायची. लोकांना आश्चर्य वाटायचं की चिखलीत बसून असलं काम होतं. मला त्या आश्चर्याचाच राग यायचा.

दादाचा एकच कायदा होता. एका वस्तूला एकच नाव, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. शाळेत आपल्याला शिकवतात की तोच तोच शब्द परत वापरू नका, भाषा कंटाळवाणी होते. दादा म्हणायचा, यंत्राचं पुस्तक कंटाळवाणंच असलं पाहिजे. कारखान्यात त्याने एका फिटरला अर्धा दिवस दुसरा व्हॉल्व्ह शोधताना पाहिलं होतं. दुसरा व्हॉल्व्ह नव्हताच. भाषांतर करणाऱ्याने पुढच्या पानावर त्याच व्हॉल्व्हला जरा छानसं नाव दिलं होतं, इतकंच.

म्हणून नवं काम आलं की आमची एक रीत होती. संगणकाला हात लावायच्या आधी आम्ही तसलं यंत्र जिथे असेल तिथे जायचो. जिनिंगमध्ये, डाळमिलमध्ये, कुठेही. तिथली माणसं कशाला काय म्हणतात ते ऐकायचं, मग घरी येऊन भांडायचं, आणि भांडून ठरलेला शब्द टर्मबेसमध्ये टाकायचा. टर्मबेस म्हणजे ठरलेल्या शब्दांची संगणकातली पेटी. एका बाजूला जर्मन शब्द, समोर मराठी. प्रकरण पूर्ण झालं की तपासणी चालवायची. जर्मन वाक्यात तो शब्द आहे आणि मराठीत पेटीतला शब्द नाही, असं दिसलं की संगणक बोंब मारतो.

तो शेवटचा मोठा ग्रंथ कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसचा होता. विटेएवढा जाड. खामगाव रोडवरच्या एका जिनिंगमध्ये आम्ही जाऊन आलो, रुईने डोकी पांढरी करून घेतली. ‘गठाण’ की ‘गाठ’ यावर दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. शेवटी लिहिताना ‘गाठ’ ठरलं. तेलाचा दाब अडवणारा जो व्हॉल्व्ह, जर्मनमध्ये आब्श्पेर-व्हेंटिल, त्याचं ‘बंद-व्हॉल्व्ह’ झालं. दुरुस्तीला हात घालण्याआधी हाच फिरवायचा असतो. तो न फिरवता दाबकक्षात हात घातला तर तो हात परत यायचा नाही. दादाने तो शब्द स्वतः पेटीत टाकला.

तारखांचे नियम त्याचेच. मजकुरात महिना अक्षरात लिहायचा. तक्त्यात आकडे, आधी दिवस मग महिना, मध्ये टिंब, एकेरी आकड्याच्या आधी शून्य, जर्मनांसारखंच. यंत्राच्या पडद्यावर वर्ष आधी येतं, तिथे यंत्र दाखवतं तसंच ठेवायचं, शहाणपणा करायचा नाही. पुण्याच्या एजन्सीतल्या संपादकबाईंचा संगणक अमेरिकन तऱ्हेचा, तो चार जुलैची सात एप्रिल करून टाकायचा, आणि त्यापायी मी त्यांना पाठवलेल्या मेल वाचून दादा खूश व्हायचा.

अवतरणचिन्हांचंही असंच. दुहेरी चिन्हं फक्त यंत्राच्या पडद्यावरच्या शब्दांना, म्हणजे कामगाराला कळतं की हा शब्द समोर दिसतो आहे, तो दाबायचा आहे. आता जर्मन लोक उघडणारं चिन्ह खाली लावतात, „ असं, आणि बंद करणारं वर, “ असं. आणि त्यांचं हे बंद करणारं चिन्ह म्हणजे हुबेहूब आपलं उघडणारं. मूळ मजकुरातून ती चिन्हं आपल्यात येतात आणि शेवटी सगळीकडे एकदम बदलावी लागतात. इथे नवशिका माणूस हमखास तोंडघशी पडतो. आधी खालचं चिन्ह वर आणलंत की उघडणारी आणि बंद करणारी एकसारखी होतात, मग दुसरा बदल केला की सगळीच बंद करणारी होऊन बसतात. म्हणून आधी बंद करणारं बदलायचं, मग उघडणारं. मी पहिल्यांदा चुकले तेव्हा दादाने मला अख्खा दिवस हातानं एकेक चिन्ह दुरुस्त करायला लावलं होतं. मायाबिया काही नाही.

कामाची वाटणी अशी, की सुरक्षा आणि वापर माझ्याकडे, तेलाची यंत्रणा, वीज आणि देखभाल त्याच्याकडे. त्याची प्रकरणं झाली की मी तपासणी चालवायची आणि लगेच पाठवून द्यायची. तपासणी दर वेळी स्वच्छ निघायची. मी म्हणायचे, बघा, या वयात.

मग संपादकबाईंची मेल आली. बंद-व्हॉल्व्हला तिसऱ्या प्रकरणात एक नाव, सातव्यात दुसरं, नवव्यात तिसरं आहे. कोणतं धरायचं?

मी फणकाऱ्याने लिहिलं की आमच्याकडून असं होत नाही, तुम्ही दुसऱ्या कुणाच्या फाइली मिसळल्या असतील. आपलाच माणूस बरोबर, असं धरून बसायची मला सवय आहे. मेल गेली आणि मग मी फाइली उघडल्या. ‘बंद-व्हॉल्व्ह’. ‘अडवणी झडप’. ‘रोधक व्हॉल्व्ह’. तिन्ही दादाच्या प्रकरणांत. तपासणीत मग काही कसं दिसलं नाही? मी पेटी उघडली. त्या शब्दाखाली कुणी, केव्हा बदल केला त्याची नोंद असते. प्रत्येक प्रकरणाच्या आधी दादाने पेटीतलाच शब्द बदलला होता. ठरलेला शब्द त्याला अनोळखी वाटला असणार, कुणा गाढवाने टाकलेला वाटला असणार, आणि त्याने तो सुधारला. म्हणून प्रत्येक प्रकरण त्या त्या दिवशी बरोबरच होतं. एकट्या व्हॉल्व्हचं असं नव्हतं. पंपाचं होतं, दाबमापकाचं होतं, संरक्षक दाराचं होतं.

तो समोरच बसला होता.

“दादा, हे तू काऊन बदललं?”

त्याने चष्मा वर केला. “म्या कुठी बदललं?”

“तुह्यं नाव हाय इथं.”

“माह्या नावानं तूच केलं असशीन. माह्या माघारी शब्द बदलून राह्यली तू, मले काय समजत नाई काय? रोज येतो त रोज काहीतरी येगळं दिसते. मी बोललो नाई येवढे दिवस.”

मीही गप्प बसणारी नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणाले, आणखीही काही म्हणाले. तो उठून खाली गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या संगणकाला पासवर्ड होता. आमच्या खोलीत कधी कपाटालाही कुलूप लागलं नव्हतं.

तरीही मला कळलं नव्हतं. मला वाटलं, वयाचा हट्ट. मला ते कळलं त्याने दहावं प्रकरण माझ्याकडे दिलं तेव्हा. मी फाइल उघडली, आणि पानभर नुसती बंद करणारी चिन्हं. “असं” नाही, तर ”असं”, दोन्हीकडे एकच, शब्दाच्या आधीही आणि नंतरही, यंत्राच्या पडद्यावरचा एकेक शब्द दोन्ही बाजूंनी बंद. तो नवशिक्याचा घोटाळा, जो त्याने मला शिकवताना अख्खा दिवस भोगायला लावला होता. मी पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने पाहिलं, खूप वेळ पाहिलं, वाचताना पुटपुटतो तसे ओठ हलवले.

“बरोबर त हाय,” तो म्हणाला.

चूक करणारा दादा मी सहन केला असता. चूक न दिसणारा दादा मी कधी पाहिलाच नव्हता. मी पडदा परत वळवला आणि म्हणाले, “हाव, बरोबर हाय.”

बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे मी त्याला डोळ्यांच्या नावाखाली नेलं. एसटीत तो खिडकीशी बसला, उत्साहात होता, तपासायला जायचं म्हणून नवा सदरा घातला होता. डॉक्टर तरुण, सभ्य. आधी डोळे बघितल्यासारखं केलं, मग गप्पांच्या ओघात विचारलं, “काका, आज तारीख काय?”

दादा हसला. “कोन्त्या पद्धतीनं सांगू? मजकुरातली का तक्त्यातली?”

डॉक्टरांना काही कळलं नाही, पण तेही हसले. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. हा माझा दादा, याला काय झालंय, असं वाटलं. डॉक्टरांनी कागद पुढे केला. “लिहून दाखवा.” दादाने पेन घेतलं आणि तक्त्यातली पद्धत वापरली. आधी दिवस, एकेरी आकड्याच्या आधी शून्य, टिंब, महिना, टिंब, वर्ष. अक्षर छापल्यासारखं. जर्मनीतल्या कुणी पाहिलं असतं तर त्याने एक टिंबसुद्धा हलवायला सांगितलं नसतं. दिवस चुकला होता, महिना चुकला होता, आणि वर्ष होतं वहिनी जिवंत होती त्या वेळचं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. दादाने पेन टोपण लावून परत दिलं आणि विचारलं, “चष्म्याचा नंबर वाढला काय?”

पुढचं सगळं आजाराचं असतं तसंच. छत्रपती संभाजीनगरला डोक्याचा फोटो काढला, गोळ्या आल्या, त्या गोळ्यांनी काही थांबत नाही हेही सांगितलं गेलं. गावात मी कुणाला बोलले नाही. मला सगळ्यात जास्त भीती कशाची होती, तर त्याचं काम सुटेल याची. वहिनी गेली, पुणं सुटलं, दोन वेळच्या जेवणात त्याला रस नाही, सिनेमा नाही, देवळात जात नाही. सकाळी उठून तो जिना चढायचा तो त्या टेबलासाठी. टेबल काढून घेतलं तर तो जिना चढणार नाही, आणि जिना चढला नाही तर लवकरच खाटेवरून उठणार नाही. हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. आणि दुसऱ्या बाजूला ती प्रेस. तिच्यासमोर उभा राहून कुणीतरी आमचं पुस्तक वाचणार होतं, आणि अडवणी झडप कुठे आहे म्हणून शोधणार होतं, बंद-व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर असताना. दादा धड असता तर त्याने स्वतःच स्वतःला त्या खोलीतून हाकललं असतं. दया दाखवली नसती.

संपादकबाईंना मी फोन केला. त्यांची माफी मागितली, आधी लिहिलेल्या मेलबद्दल. डोळ्यांचं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, “ताई, माझ्या सासऱ्यांचंही डोळ्यांपासूनच सुरू झालं होतं.” मला त्यांचा राग आला. शहाण्या बायकांचा मला येतोच. पण फोन ठेवल्यावर मी रडले. त्यांनी मुदत वाढवून दिली आणि अट घातली की यापुढे दादाची प्रकरणंही मीच करायची, सगळी.

मी पेटी परत पहिल्या शब्दांवर आणली आणि तिच्यात बदल करायचा अधिकार फक्त माझ्याकडे ठेवला. हे करताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं, कारण ती पेटी दादाची होती, त्याच्या भांडणांनी भरलेली. मग त्याची सगळी प्रकरणं सुरुवातीपासून वाचली. एकेक व्हॉल्व्ह, एकेक तारीख. एका तक्त्यात त्याने दिवस आणि महिने उलटे घातले होते, तेल कधी बदलायचं त्याचा नमुना होता तो, आणि पुढच्याच ओळीत बरोबर घातले होते. त्यात काही ठिकाणी अशी सुंदर वाक्यं सापडायची, साधी, घट्ट, एक शब्द जास्त नाही, की मी हात थांबवून बसायचे. आजार सगळं सारखं खात नाही. इथे कुरतडतो, तिथे सोडतो.

आणि दादाला मी काम देत राहिले. पुण्याला जाऊन आलेलं प्रकरण काढायचं, मराठी पुसायचं, जर्मन ठेवायचं आणि त्याच्या संगणकात टाकायचं. पासवर्ड तो एव्हाना विसरला होता, मीच काढून टाकला. तो सकाळी यायचा, उपरणं खुर्चीच्या पाठीवर टाकायचा आणि कामाला लागायचा. संध्याकाळी म्हणायचा, “पाह्य वं, झालं.” मी म्हणायचे, “पाह्यते.” फाइल माझ्याकडे घ्यायचे. ती कुठेच जात नव्हती. तरी मला राहवायचं नाही. समोर तीन नावं दिसली की हात आपोआप जायचा. मी त्याचा तो बिनकामाचा मजकूरही नीट करायचे, शब्द एकसारखे, चिन्हं उघडती-मिटती, तारखा जागेवर, आणि तसाच त्याच्या संगणकात परत ठेवून द्यायचे. का, ते मला सांगता येणार नाही. कुणी वाचणार नव्हतं.

पुस्तक छापून झालं, गाठींच्या प्रेस चालू झाल्या असतील. एजन्सीने नवं काम पाठवलं, फक्त माझ्या नावाने. दादाचं तेच चालू होतं. तेलाची यंत्रणा संपली की वीज, वीज संपली की देखभाल, देखभाल संपली की परत तेलाची यंत्रणा. त्याला फरक कळत नाही असं मी धरून चालले होते. खाली तो मला कधी आईच्या नावाने हाक मारायचा. मी ओ द्यायचे.

परवा दुपारी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. वरून हाक आली नाही, तो स्वतःच आला. जिना उतरताना हल्ली त्याला भिंत धरावी लागते. त्याच्या हातात छापलेली पानं होती. कशी छापली कुणास ठाऊक. तो दारात उभा राहिला, पानं माझ्यापुढे धरली आणि बोट ठेवत गेला. इथे बंद-व्हॉल्व्ह. इथे बंद-व्हॉल्व्ह. इथेही.

“हे माह्यं काम नाई,” तो म्हणाला.

“तुह्यंच हाय की. काल तूच दिलं.”

“नाई. सगळीकडं येकच नाव हाय.” त्याचा आवाज शांत होता, चढा नव्हता. “म्या केलं असतं त तीन नावं असती.”

तवा तापला होता. माझ्या हाताला पीठ होतं. आयुष्यभर त्याच्याशी एका शब्दात हरले नव्हते मी. तो माझ्याकडे बघत राहिला, जुन्या नजरेने, ज्या नजरेने तो माझी प्रकरणं परत पाठवायचा.

“हे कवाचंच जाऊन आलेलं हाय, मले समजते,” तो म्हणाला. “तू मले खोटं काम देऊन राह्यली.”

मी होकारार्थी मान हलवली. खोटं बोलायची ताकद नव्हती.

त्याने पानं नीट केली, कडा जुळवल्या. मग कुणी ऐकेल की काय अशा दबक्या आवाजात, जवळ येऊन म्हणाला, “देत जाय. बंद नको करू.”